पेज ऑफ पेंटॅकल्स आलं आहे, मोडी शिकायला घेऊ का? मदत हवी

सायली_क
मोडी लिपी नीट शिकायची का, असा प्रश्न मनात धरून टॅरो काढलं. पेज ऑफ पेंटॅकल्स आलं. नव्या वर्गाचे पैसे उद्यापर्यंत भरायचे आहेत. हो समजू की नाही? कृपया लवकर सांगा.

निशिगंधा
हो! पेज म्हणजे विद्यार्थी. शिकण्याच्या प्रश्नाला याहून चांगलं कार्ड नाही. भरून टाका पैसे.

वाटसरू६२
कार्ड सरळ होतं की उलटं? डेक कोणता? एकच पत्ता काढलात की मांडणी केली होती?

मंदार_ठाणे
उलटं असेल तर उधळपट्टी, त्यामुळे पैसे भरू नका. मी तीन हजार देऊन एकीकडून पत्रिका आणि टॅरो दोन्ही पाहून घेतलं होतं. नोकरी बदला म्हणाली. बदलली आणि सहा महिन्यांत पस्तावलो. अशा निर्णयाला पत्ते लावूच नयेत असं माझं ठाम मत आहे.

सायली_क
सरळ आहे. डेक नेहमीचाच, रायडर-वेट. तीन पत्ते काढले होते, पण बाकीचे दोन महत्त्वाचे वाटले नाहीत.

वाटसरू६२
तेच दोन सांगा. आणि पेज कोणत्या जागी आलं?

शुभदा_आजी
पेज म्हणजे लहान मूलही असतं गं. माझ्या सुनेच्या वेळी हेच आलं होतं आणि महिन्याभरात गोड बातमी कळली. घरात तसं काही आहे का?

सायली_क
नाही आजी, तसं काही नाही. पहिली जागा सध्याची स्थिती, तिथे फोर ऑफ कप्स. दुसरी अडथळा, तिथे पेज. तिसरी सल्ला, तिथे थ्री ऑफ पेंटॅकल्स.

वाटसरू६२
मग प्रश्नच बदलला. पेज अडथळ्याच्या जागी आहे.

चित्र समोर ठेवा. १९०९ च्या या डेकमध्ये पामेला कोलमन स्मिथ यांनी हिरव्या कुरणात उभा मुलगा काढलाय. दोन्ही हात वर केलेत आणि त्यांच्यावर नाणं जवळजवळ तरंगतंय. त्याची नजर फक्त नाण्यावर आहे. त्याच्या मागे नांगरलेलं शेत आहे, पण तिकडे तो बघत नाही. वेट यांनीही लिहिलंय की तो हळू चालतो आणि आजूबाजूचं त्याला भान नाही. अभ्यास, मनन हे अर्थ त्यांनीच दिलेत, म्हणून निशिगंधा म्हणतात ते चूक नाही. पण अडथळ्याच्या जागी हाच गुण आड येतो: वस्तू न्याहाळत राहायचं आणि शेतात उतरायचं नाही.

सायलीताई, आतापर्यंत मोडीसाठी काय काय केलंत?

सायली_क
तीन पुस्तकं घेतली. दोन ऑनलाइन वर्ग केले, बाराखडी चार वेळा गिरवून झाली. घरी पणजोबांचं एक खरेदीखत आहे, दोन पानांचं. ते अजून उघडून बसले नाही. आधी अक्षरं पक्की व्हावीत असं वाटतं.

दप्तरी
टॅरोतलं मला कळत नाही, मोडी वाचतो. पुस्तकातलं वळण सुटं, स्वच्छ असतं. खतात आधी आडवी रेघ ओढून लेखक तिला अक्षरं लटकवत जातो, लेखणी शक्यतो उचलत नाही. शब्दांमध्ये जागा नसते, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो. म्हणून बाराखडी कितीही पक्की झाली तरी खत वाचता येईलच असं नाही. त्या त्या लेखकाचं वळण डोळ्यात बसावं लागतं. आधी गावाची आणि माणसांची नावं शोधा. ती तुम्हाला माहीत आहेत, त्यांच्यातूनच त्या हाताचे क, र, स कसे दिसतात ते कळेल.

निशिगंधा
पण अडथळा म्हणून इतकं नकारात्मक का घ्यायचं? पेज नेहमी शुभच असतं.

वाटसरू६२
नेहमीच शुभ असं कोणतंच कार्ड नसतं. आणि इथे मी शिकू नका म्हणत नाहीये. तिसरं कार्ड पाहा. मठात शिल्पकार कामावर आहे आणि समोर दोघं उभे आहेत, एकाच्या हातात नकाशा. वेट हे कार्ड एट ऑफ पेंटॅकल्सशी ताडून पाहायला सांगतात. तिथला शिकाऊ इथे खऱ्या कामाला लागलाय. म्हणजे सल्ला असा की काम हातात घ्या, तेही जाणकारासमोर. उद्याचा वर्ग बाराखडीपासून सुरू होतो की कागद वाचून घेतात?

मंदार_ठाणे
हे पत्ते न काढताही सांगता आलं असतं.

वाटसरू६२
आलं असतं, मान्य. पण बाराखडी चार वेळा गिरवल्याचं त्यांनी पत्त्यांवरून विचारल्यावरच सांगितलं.

सायली_क
माहितीपत्रक पाहिलं. पहिले दोन महिने बाराखडी आणि जोडाक्षरं, कागद तिसऱ्या महिन्यात. फोर ऑफ कप्सचं तुम्ही काहीच बोलला नाहीत. आणि दप्तरी, खताच्या पहिल्या ओळीचा फोटो टाकू का? गावाचं नाव ओळखता आलं, त्याच्या पुढचं अक्षर ज आहे की न, तिथे अडलेय.

दप्तरी
टाका. पूर्ण ओळ येऊ द्या, एकट्या अक्षराचा फोटो नको.