सॅलरी अकाउंट साधं झालं आणि दंड सुरू झाला. परत मागावा का?

नवी_नोकरी_पुणे
जुनी कंपनी सोडली तेव्हा सॅलरी अकाउंटमध्ये ६,००० रुपये राहू दिले होते. परवा स्टेटमेंट काढलं तर शिल्लक ४,४८७ रुपये ४२ पैसे. चार महिने मिनिमम बॅलन्सचा दंड, एकदा एसएमएसचे १७.७० आणि एकदा डेबिट कार्डाचे २३६. या काळात मी एकही व्यवहार केलेला नाही. हे पैसे परत मागता येतात का? आणि मागायचे तर कसे?

हिशेब_चोख
मागता येतात, पण मागू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. खातं उघडताना फॉर्मवर सही तुम्ही केली. पगार यायचा थांबला की साधारण तीन महिन्यांनी सॅलरी अकाउंट साधं बचत खातं होतं, हे त्या अटींमध्येच असतं. नको होतं तर नोकरी सोडली त्याच आठवड्यात बंद करायचं. मी दोन नोकऱ्या बदलल्या आणि दोन्ही वेळा अर्ध्या तासात खातं बंद करून आलो. जो विसरतो त्याला परत दिलं, तर त्याचा भार शेवटी जो लक्ष ठेवतो त्याच्यावरच येतो.

साताऱ्याचा_सागर
अहो, पण मिनिमम बॅलन्स आता राहिलाच नाहीये ना? रिझर्व्ह बँकेने सगळीकडे बंद केलाय. कापलेच कसे? सरळ तक्रार करा.

शाखेत_३१_वर्षं
सागर, अर्धं बरोबर आहे. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये ही अट काढली आणि २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा, इंडियन अशा आणखी काही सरकारी बँकांनी काढली. हे निर्णय त्या त्या बँकांनी स्वतः घेतले. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्टच म्हणाले की किमान शिल्लक किती ठेवायची हे बँकांनी ठरवायचं आहे. खासगी बँकांत अट अजून आहे.

दंड कसा लावायचा, यावर मात्र रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०१५ पासून आहेत. शिल्लक कमी पडली की बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, ती भरून काढायला किमान एक महिना द्यायचा आणि तरीही भरली नाही तरच दंड. दंड तुटीच्या प्रमाणात हवा, सरसकट नको. आणि फक्त या दंडामुळे खातं उणे होता कामा नये. मूळ प्रश्न विचारणाऱ्यांनी एवढं सांगावं: अट किती रकमेची होती, आणि पहिला दंड पडण्याआधी काही सूचना आली होती का?

नवी_नोकरी_पुणे
अट महिन्याला सरासरी १०,००० ची. दर तुटीच्या ६ टक्के किंवा ५०० रुपये, यातलं जे कमी असेल ते, वर जीएसटी. सूचना काही आली नाही. दंड अनुक्रमे २८३.२०, ३०३.२५, ३२४.७२ आणि ३४७.७१.

शाखेत_३१_वर्षं
मग आकडेमोड बरोबर आहे. सरासरी म्हणजे रोज रात्रीची शिल्लक मिळवून महिन्याच्या दिवसांनी भागायचं. तुमच्याकडे रोज ६,०००च होते, म्हणून सरासरीही ६,०००. तूट ४,०००, तिचे ६ टक्के २४० आणि १८ टक्के जीएसटी धरून २८३.२०. पुढच्या महिन्यात शिल्लकच २८३ ने घटली, म्हणून तूट वाढली, म्हणून दंड वाढला. चार महिन्यांत १,२५८ रुपये ८८ पैसे गेले. खात्याला कोणी हात लावला नाही तरी दंड दर महिन्याला चढत जातो, तो असा.

तेव्हा हिशेब चुकलाय म्हणून भांडू नका, तिथे हराल. भांडण्याची जागा सूचनेची आहे.

हिशेब_चोख
सर, तुमचा मान राखून विचारतो. सूचना आली नाही हे फक्त ते म्हणतायत. बँकेकडे मेसेज पाठवल्याची नोंद निघाली तर?

सांगलीचा_दुकानदार
माझंही असंच झालंय. दुकानाच्या करंट अकाउंटमध्ये २५,००० ठेवायचे असतात, दिवाळीनंतर माल भरल्यामुळे कमी पडले आणि तिमाहीचा दंड कापला. मलाही महिन्याची मुदत मिळायला हवी होती ना? मी उद्याच जाऊन सांगतो.

शाखेत_३१_वर्षं
थांबा. मी सांगितलेला नियम बचत खात्याचा आहे. करंट अकाउंटला तो लागू होत नाही, तिथे तुमचा बँकेशी झालेला करार आणि दरपत्रकच बघावं लागेल. व्यवहार चांगला असेल तर मॅनेजरशी बोलून एखादी तिमाही माफ होते, पण ती विनंती असते. हक्क म्हणून गेलात तर तोंडघशी पडाल.

नवी_नोकरी_पुणे
एक गोष्ट आत्ता लक्षात आली, प्रामाणिकपणे सांगतो. त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर जुन्या कंपनीने दिलेल्या सिमचा होता. नोकरी सोडताना सिम परत केलं. म्हणजे मेसेज त्या नंबरवर गेले असतील.

हिशेब_चोख
मग विषय संपला. बँकेने कळवलं, तुम्ही नंबर बदलला नाही. यात बँकेचा दोष कुठे?

शाखेत_३१_वर्षं
विषय संपला नाही, पण बाजू कमकुवत झाली हे खरं. आधी आजच्या आज नंबर बदला. ते सिम उद्या दुसऱ्या कोणाला मिळालं तर तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातील. हे दंडापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

मग लेखी मागणी करा. फोनवर बोललात तर गोड उत्तर मिळतं आणि नोंद राहत नाही. नेट बँकिंगमधून किंवा खात्याला जोडलेल्या ईमेलवरून लिहा, म्हणजे तक्रार क्रमांक मिळतो. मजकूर असा ठेवा:

"माझ्या बचत खात्यात पुढील तारखांना किमान शिल्लक न राखल्याबद्दल रक्कम वजा झाली आहे. सॅलरी अकाउंटचे साध्या खात्यात रूपांतर झाल्याची आणि शिल्लक कमी असल्याची सूचना मला कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने पाठवली, ते कळवावे. सूचनेनंतर एक महिन्याची मुदत देण्यापूर्वी आकारलेला दंड जीएसटीसह परत जमा करावा."

खाली तारखा आणि रकमा. एवढंच. नोकरी गेली होती, घरी आजारपण होतं, हे लिहू नका. ते लिहिलं की तुमचं पत्र विनंतीच्या ढिगात जातं.

पहिल्या महिन्याच्या दंडावर तुमचा दावा सर्वांत पक्का आहे. सूचना गेली असेल तरी मुदत दिली का, हे तारखाच सांगतील. पुढच्या महिन्यांबद्दल बँक म्हणेल की एकदा कळवलं ते पुरे. दर महिन्याला नव्याने कळवायला हवं की नको, यावर मी स्वतः वरिष्ठांशी वाद घातलाय आणि एकमत झालेलं पाहिलं नाही.

लेकीची_आई_बीड
माझ्या सासूबाईंचं सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीणचे पहिले ३,००० आले. खातं कित्येक वर्षं वापरात नव्हतं. काढायला गेल्या तर हातात १,९०० च. मागचा दंड बाकी होता म्हणे, पैसे आल्या आल्या वळते केले. त्या बाईने फॉर्मवर अंगठा दिला होता. तिला कोणत्या अटी वाचून दाखवल्या होत्या? हिशेब चोख ठेवणाऱ्या भावांनी याचं उत्तर द्यावं.

हिशेब_चोख
ताई, हे चुकीचंच आहे आणि मी याची बाजू घेत नाही. माझं म्हणणं पगारदार, शिकलेल्या माणसाबद्दल होतं.

लेकीची_आई_बीड
पण नियम दोघांना एकच लागतो ना? लोकसभेत सरकारनेच सांगितलंय, २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी या दंडापोटी सुमारे ८,५०० कोटी गोळा केले. ज्याच्याकडे १०,००० पडून आहेत त्याने हे भरलेले नाहीत.

शाखेत_३१_वर्षं
ताई, दोन वर्षं खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नसेल तर खातं निष्क्रिय धरतात, आणि निष्क्रिय खात्याला किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही. खातं निष्क्रिय कोणत्या तारखेला झालं ते बँकेकडून लिहून घ्या आणि त्यानंतरचा दंड परत मागा. शिवाय ते खातं बेसिक बचत खात्यात बदलून द्या म्हणून अर्ज करा. त्याला किमान शिल्लक नसते आणि एटीएम कार्डाला वार्षिक फी नसते. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

दंड 'बाकी' म्हणून मांडून ठेवायचा आणि पैसे आले की उचलायचा, हे मला कधीच पटलं नाही. कागदावर खातं उणे झालं नाही, म्हणून नियम पाळला असं बँक म्हणते. माझ्या मते खातं उणे होऊ द्यायचं नाही यामागचा हेतूच त्यात मोडतो. बरोबरीचे काही अधिकारी आजही माझ्याशी असहमत आहेत.

कार्ड_नकोच
एसएमएस आणि कार्डाचं कोणी बोलतच नाहीये. एसएमएसचे पैसे प्रत्यक्ष पाठवलेल्या मेसेजनुसार घ्यायचे, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलंय. व्यवहार शून्य असताना १७.७० कशाचे? तिमाहीत किती मेसेज पाठवले ते विचारा. मी विचारलं तेव्हा आकडा न देता पैसेच परत आले. कार्डाला मात्र असा आधार नाही. मी आधी कार्ड बंद करायचा अर्ज दिला आणि त्याच अर्जात लिहिलं की फी कापल्यावर एकदाही वापरलेलं नाही. नऊ दिवसांत जमा झाले. कार्ड चालू ठेवून मागितले असते तर दिले नसते, असं शाखेतल्याच बाई म्हणाल्या.

नवी_नोकरी_पुणे
नंबर बदलला, पत्र पाठवलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं. एसएमएसचे १७.७०, कार्डाचे २३६ आणि पहिल्या महिन्याचे २८३.२० परत दिले. बाकीच्या तीन महिन्यांसाठी नकार, "सूचना नोंदणीकृत क्रमांकावर पाठवली होती" असं कारण. तारीख दिलेली नाही. ९७५ रुपये ६८ पैसे अडकलेत. लोकपालाकडे जावं का?

शाखेत_३१_वर्षं
आधी त्याच तक्रार क्रमांकावर तारीख पुन्हा मागा. बँकेच्या उत्तराने समाधान झालं नाही किंवा ३० दिवसांत उत्तरच आलं नाही, तर cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. ६ टक्के दर जास्त आहे असं तिथे लिहू नका, दर हा बँकेचा व्यावसायिक निर्णय म्हणून तक्रार परत येईल. सूचना आणि मुदत, एवढ्यावरच राहा. तीनही महिने मिळतील अशी खात्री मी देत नाही.

हिशेब_चोख
पहिल्या महिन्याचे दिले म्हणजे मुदत दिली नव्हती हे बँकेने मान्यच केलं. ते पैसे मागणं योग्य होतं, माझं आधीचं म्हणणं तेवढ्यापुरतं मागे घेतो. पण उरलेले ९७५ मी असतो तर सोडून दिले असते. नंबर बदलायचं काम तुमचंच होतं.

नवी_नोकरी_पुणे
तारीख मागणारं पत्र आज पाठवलं. तारीख बघितल्यावर ठरवतो. खात्यातले बाकीचे पैसे काढून घेतलेले नाहीत. खातं आत्ताच बंद केलं तर नेट बँकिंगमधली तक्रार दिसणं बंद होईल, असं शाखेत सांगितलं. म्हणून तक्रारीचे आणि उत्तराचे फोटो काढून ठेवलेत आणि महिनाअखेरपर्यंत शिल्लक १०,००० च्या वर राहील इतके पैसे भरलेत.