आवाहनाच्या स्लाइड: पाठवण्याआधी बघून घ्या

*बी-402:* नमस्कार. बाबांची मेंदूतल्या रक्तस्रावाची शस्त्रक्रिया काल झाली, अजून आयसीयूत आहेत. मदतीच्या आवाहनाच्या पाच स्लाइड केल्यात, आधी इथेच टाकतोय. चुकलं असेल तर सांगा, मग बाहेर पाठवतो.

*ए-101 (काकू):* बाबा कसे आहेत रे? शुद्धीवर आले का?

*बी-402:* हाक मारली की डोळे उघडतात, काकू. व्हेंटिलेटर उद्या काढून बघणार आहेत.

*सी-305:* दादा, पहिल्या स्लाइडवरचा नळ्या लावलेला फोटो काढा. काका बरे होऊन घरी येतील, तेव्हा तोच फोटो त्यांना दहा जणांच्या मोबाईलवर दिसेल. त्यांना विचारता येत नाहीये, म्हणून तर जास्त जपायला हवं. साधा घरातला फोटो टाका, तुमच्या आईंना विचारून.

*बी-402:* खरंय. आईलाही तो आवडला नव्हता.

*ए-101 (काकू):* आता आकड्याचं बोलते. मी हॉस्पिटलच्या बिलिंगला वीस वर्षं काढलीत, म्हणून टोकते, राग मानू नकोस. तू लिहिलंयस ‘9 लाखांची गरज’. 9 लाख हा हॉस्पिटलने दिलेला अंदाज आहे ना? विमा किती आहे?

*बी-402:* 5 लाखांचा. कॅशलेसला आतापर्यंत 2 लाख मंजूर झालेत. आमच्याकडचे 2 लाख भरलेत.

*ए-101 (काकू):* मग 2 अधिक 2 वजा केले की 5 उरतात, 9 नाही. आणि तेही पूर्ण खरं नाही. कॅशलेसची पहिली मंजुरी ही सुरुवातीची रक्कम असते, बिल वाढलं की हॉस्पिटल वाढीव मंजुरी मागतं. विम्याचे उरलेले 3 लाख मिळाले, तर खरी तूट 2 लाखांची.

*बी-402:* पण नाही मिळाले तर? शेवटचं पत्र डिस्चार्जच्या दिवशी येतं म्हणतात.

*ए-101 (काकू):* तेच तसंच लिही. ‘अंदाज 9, विमा जास्तीत जास्त 5, घरचे 2, आज मागतोय 2. विम्याने कमी दिलं तर पत्रासह कळवू.’ आत्ता 5 मागितलेस आणि पंधरा दिवसांनी विम्याचे 3 आले, तर ते कोणाचे, हा प्रश्न तुलाच छळेल. हातमोजे, सिरिंज असल्या वस्तू बरेचदा विम्यात बसत नाहीत, त्यामुळे थोडी काटछाट धरूनच चाल.

*ए-204 (सचिव):* अंदाजपत्रकाचा फोटो चांगला आहे, शिक्का-तारीख दिसतेय. पण पॉलिसी क्रमांक, रुग्ण क्रमांक आणि मोबाईल उघडे आहेत.

*बी-402:* मार्करने झाकलेत की काका!

*सी-305:* तो मार्कर अर्धपारदर्शक आहे दादा. मी ब्राइटनेस वाढवून बघितलं, पॉलिसी क्रमांक सरळ वाचता आला. काळा भरीव चौकोन ठेवा आणि त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. हॉस्पिटलचं नाव, विभाग, तारीख, एकूण रक्कम मात्र झाकू नका. त्यावरूनच लोक हॉस्पिटलच्या मुख्य क्रमांकावर फोन करून असा रुग्ण आहे का विचारतात.

*ए-101 (काकू):* फोनवर ते आजाराचं काही सांगणार नाहीत हो, सांगूही नये. पण तुम्ही लेखी संमती देऊन ठेवली, तर बिलिंगवाले ‘हो, रुग्ण दाखल आहे’ एवढं तरी सांगू शकतात. उद्या जाशील तेव्हा विचार.

*सी-305:* आणखी एक. क्यूआर फक्त पाचव्या स्लाइडवर आहे. लोक पाचही स्लाइड कुठे पाठवतात, एखादीच पुढे ढकलतात. मग कोणीतरी तुमची पहिली स्लाइड उचलून तिला स्वतःचा क्यूआर जोडतो, आणि काकांच्या फोटोवर पैसे तिसरीकडेच जातात. प्रत्येक स्लाइडच्या तळाशी एकच ओळ हवी: खातेदाराचं नाव, आजची तारीख आणि ‘अमुक तारखेनंतर पैसे पाठवू नका’.

*ए-204 (सचिव):* खातं कोणाच्या नावावर आहे?

*बी-402:* मित्राच्या. त्याने मदत करतो म्हणून स्वतःचंच दिलं.

*ए-204 (सचिव):* मित्र कितीही भला असो, ते बदल. बिलाच्या खात्यात थेट भरता येत असेल तर सर्वांत उत्तम, नाहीतर आईचं किंवा तुझं. स्कॅन केल्यावर जे नाव उमटतं, तेच स्लाइडवर असायला हवं. ते जुळलं नाही की अनोळखी माणूस तिथेच थांबतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

*बी-402:* आईचं खातं देतो. जमा किती, भरले किती, हे दर रविवारी इथे टाकेन. देणाऱ्यांची नावं नाही टाकणार.

*ए-101 (काकू):* नावं नकोच. आणि जास्त जमले तर?

*बी-402:* 2 लाख झाले की क्यूआर बंद. त्यावर आलेले पाठवणाऱ्याला परत.

*सी-305:* हे वाक्य चौथ्या स्लाइडवर टाका.

(रात्री 9:40)

*बी-402:* नव्या स्लाइड टाकल्यात. कोणी स्कॅन करून बघता का? पैसे पाठवू नका, फक्त नाव बघा.

*ए-204 (सचिव):* तुझ्या आईचं नाव आलं. स्लाइडवरही तेच आहे, स्पेलिंगसकट.

*ए-101 (काकू):* पाठव मग. आणि जेवलास का ते सांग.