मार्च अखेर: तोटा बुक करण्याआधी जरा थांबा

निखिल: मंडळी, एक विचारायचं होतं. यंदा इक्विटी फंडातून १,१०,००० चा लाँग टर्म नफा बुक झालाय. एका शेअरमध्ये ६०,००० तोटा दिसतोय. ३१ मार्चच्या आत तो विकून टाकू ना? ऑफिसमध्ये सगळे तेच करतायत.

मेधाताई: नको रे, थांब. तुझा नफा सव्वा लाखाच्या आत आहे, म्हणजे तसाही त्यावर कर नाही. आता तोटा बुक केलास तर आधी वजाबाकी होते, मग सव्वा लाखाची सूट. १,१०,००० मधून ६०,००० गेले, उरले ५०,०००. कर आधीही शून्य होता, आताही शून्यच. तोटा मात्र वापरून संपला.

निखिल: पण तो पुढे कॅरी फॉरवर्ड होतो ना? आठ वर्षं?

मेधाताई: त्या वर्षीच्या नफ्यातून वजा होऊन जो उरेल तोच पुढे जातो. "यंदा राहू दे, पुढच्या वर्षी वापरतो" असं म्हणायची सोय नाही. मी स्वतः एका वर्षी हेच करून बसले होते, रिटर्न भरताना कळलं. ४५,००० चा तोटा असाच वाया गेला, अजून चुटपुट लागते.

अनिल काका: मेधा, माझं उलटं आहे. घराच्या कामासाठी फंड विकले, लाँग टर्म नफा २,०५,००० झाला. आणि एका कंपनीचे ७०० शेअर आहेत, ५०० ने घेतलेले, आज ३००. आठ महिने झाले. सगळे काढून टाकू का?

मेधाताई: काका, सगळे नका विकू. सव्वा लाखाच्या वर तुमचे ८०,००० आहेत. त्यावर साडेबारा टक्के म्हणजे १०,०००, वर ४ टक्के सेस, एकूण १०,४००. तो वाचवायला तोटाही ८०,००० चाच हवा. एका शेअरमागे २०० तोटा, म्हणजे ४०० शेअर विकले की झालं. सातशेच्या सातशे विकलेत तर १,४०,००० वजा होऊन नफा ६५,००० वर येईल, आणि वरचे ६०,००० निखिलसारखेच फुकट जातील.

अनिल काका: पण हा तोटा शॉर्ट टर्म ना? लाँग टर्म नफ्यातून चालतो?

मेधाताई: चालतो. शॉर्ट टर्म तोटा दोन्हीकडे चालतो. लाँग टर्म तोटा मात्र फक्त लाँग टर्म नफ्यातूनच वजा होतो. उरलेल्या ३०० शेअरना वर्ष पूर्ण झालं की त्यांचा तोटा लाँग टर्म होईल, एवढं लक्षात ठेवा.

अनिल काका: कंपनी मला सोडायची नाहीये. विकून लगेच परत घेऊ?

मेधाताई: त्याच दिवशी नको! त्याच दिवशी त्याच खात्यातून विकून घेतलेत तर तो व्यवहार इंट्राडे धरला जातो. डिमॅटमधले शेअर जागचे हलतच नाहीत, त्यामुळे जुना तोटा बुक होत नाही. आज विका, दुसऱ्या दिवशी घ्या. मधल्या रात्रीत भाव वर गेला तर तेवढं सोसावं लागेल.

निखिल: मग मी काहीच करू नको?

मेधाताई: कर की! तुझी १५,००० ची सूट शिल्लक आहे, ती पुढच्या वर्षी मिळत नाही. तुझ्या फंडातले सगळ्यात जुने युनिट किती एनएव्हीला घेतलेले?

निखिल: ४० ला. आज ६५ आहे.

मेधाताई: युनिटमागे २५ नफा. ६०० युनिट रिडीम कर, बरोबर १५,००० चा नफा. हातात ३९,००० येतील, तेच परत त्याच फंडात टाक. आता तुझी खरेदी किंमत ६५ झाली. पुढे कधी विकलेस तर या १५,००० वर लागू शकणारा कर, सेस धरून १,९५०, कायमचा टळला. फक्त नव्या युनिटचं वर्ष पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं, एक्झिट लोडसुद्धा. वर्षभरात पैसे लागणार असतील तर हे करू नकोस.

वर्षा वहिनी: माझी एसआयपी चार वर्षांची आहे. अख्खा फोलिओ विकला तर?

मेधाताई: नको वहिनी. प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात. शेवटच्या बारा महिन्यांतले हप्ते शॉर्ट टर्म ठरतील, त्यांच्या नफ्यावर २० टक्के, आणि तिथे सव्वा लाखाची सूट नाही. युनिटचा आकडा टाकून रिडीम करा. आधी घेतलेले आधी विकले जातात, त्यामुळे जुनेच जातील. त्याआधी सगळ्या फंडांचं मिळून कॅपिटल गेन स्टेटमेंट मागवा. एका ॲपवरचा आकडा बघून ठरवू नका, दुसरीकडे विकलेलं त्यात दिसत नाही.

अनिल काका: मी उद्याच ४०० विकतो.

मेधाताई: हो काका. आणि निखिल, तूही ३१ तारखेवर ठेवू नकोस. दुपारी ३ नंतर रिडीम टाकलंस तर पुढच्या कामकाजाच्या दिवसाची एनएव्ही लागते, म्हणजे थेट नवं आर्थिक वर्ष.