मदत हवी आहे: आडव्या टाकीतलं डिझेल टक्क्यांवरून लिटरमध्ये

तासगावजवळच्या आमच्या दूध शीतकरण केंद्रात जनरेटरसाठी 1000 लिटरची आडवी, गोल टाकी आहे. मीटर फक्त उंचीचे टक्के दाखवतो. 25 टक्के दिसले की सगळे 250 लिटर धरतात; पण टाकी तळाशी निमुळती असल्याने प्रत्यक्षात साधारण 195 लिटरच असतं. शिवाय खालच्या 5 टक्के उंचीतलं सुमारे 19 लिटर नळीला ओढता येत नाही. तासाला 8 लिटर धरले, तर 31 नव्हे, 22 तासच मिळतात.

अडचण पुढची आहे. कॉम्प्रेसर चालू-बंद होतो तसा डिझेलचा खप बदलतो. मग उरलेला वेळ काढताना सरासरी किती तासांची धरावी? रात्रभराचं दूध त्यावर अवलंबून आहे. कुणी असं बसवलंय का?