कोळंबीतली ती काळी रेघ : शीर, दोरा की आणखी काही?

रावपुरावाली
घरी स्वयंपाकाचे छोटे वर्ग घेते. बायकांना द्यायच्या इंग्रजी कृतींचं मराठी करतेय. कोळंबीच्या पाठीतली काळी रेघ काढायची असं तिथे होतं, मी लिहिलं, "शीर काढून घ्या." सासूबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "शीर? कोळंबीला लाल रक्त तरी आहे का? दोरा म्हण." आमच्या इथल्या निम्म्या बायका तर सरळ "दोरी" म्हणतात, बडोद्याची हवा. बरोबर शब्द कोणता?
आणि मागच्या वर्गाचं सांगते. एकीने पाठीतला दोरा काढला, पोटाखालची रेघ काढली, शिवाय पाठीवरचा हिरवा पट्टाही खरवडून टाकला. हातात उरला तो लगदा. शब्द चुकला म्हणून हे झालं असं मला वाटतं.

शुद्धमराठी
शीर म्हणजे रक्तवाहिनी. ही पचननलिका आहे, म्हणून "आतडे" हाच शब्द योग्य. क्रियापद हवं असेल तर "निरांत्रण" घडवता येईल. सयाजीरावांनी कारभारासाठी अनेक भाषांचा शब्दकोश करवून घेतला, त्या शहरात आपण दोरी-बिरी म्हणतो हे बरं नाही.

मटाररस्सा
"कोळंबी निरांत्रण करून हळद-मीठ लावा." काका, त्या कागदावर शस्त्रक्रियेचं संमतीपत्र पण जोडा.

इंदूरकर_६३
मी शाकाहारी आहे, तेव्हा माफ करा. पण आमच्याकडे घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढतात. दोरे काढतात असंही म्हणतात. तिथे कुठे रक्त आलं? बोटाने ओढली की लांब निघून येते ती शीर, इतकंच. आमची आजी पापडीची शेंग वाकवून टोक मोडायची आणि ती शीर खालपर्यंत सरसर ओढायची. शब्द वापरातून येतो, शरीरशास्त्रातून नाही.

रावपुरावाली
काका, हे सासूबाईंना वाचून दाखवते.

खाडीकाठचा
वेरावळला कोळंबीच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली, आता वडोदऱ्यात लेकाकडे आहे. शब्द तुम्ही ठरवा, वस्तू मी सांगतो.
पाठीतली काळी रेघ हे आतडंच. डोक्यातल्या पोटापासून निघून पाठीच्या बाजूने शेपटीपर्यंत जातं. काळा रंग आत भरलेल्या खाण्याचा आणि गाळाचा. म्हणून एकाच पाटीतल्या दोन कोळंब्या सारख्या नसतात. एकीचा दोरा काळाकुट्ट, दुसरीचा दिसतच नाही, कारण तिचं आतडं रिकामं. सुरत-नवसारीकडच्या तळ्यांतली कोळंबी काढण्याआधी बरेचदा उपाशी ठेवतात, तिच्यात शोधायला काही नसतं.
आता गंमत. आतड्याच्या वरून खरीच एक रक्तवाहिनी जाते. पण कोळंबीचं रक्त जवळजवळ बिनरंगी, फार तर निळसर. ती डोळ्याला दिसत नाही. म्हणजे शीर आहे, पण काढतो ती शीर नव्हे.
पोटाखालची रेघ मुख्यतः मज्जातंतूची. तिच्यात घाण नाही, राहू द्या.
आणि तुमच्या त्या बाईने खरवडला तो हिरवा पट्टा? ती गाभोळी! समुद्रातल्या भरलेल्या मादीत ती डोक्यापासून पाठभर पसरते, टायगरमध्ये गडद हिरवी. शिजली की नारिंगीकडे जाते. आतडं तिच्या खाली असतं. ज्यांना कळतं ते ती टाकत नाहीत.

रावपुरावाली
अरे देवा. आणि मी तिला शाबासकी दिली होती, "छान साफ केलीस" म्हणून.

फिशकरी_फॅन
पण काढायलाच हवा ना दोरा? तो विषारी असतो. माझ्या मेहुण्याला कोळंबीने अंगावर गांधी उठतात, बायकोने दोरा नीट काढला नसणार.

खाडीकाठचा
विषारी नाही. नीट शिजलेल्या कोळंबीत राहिला तर दाताला कचकच लागते, कधी कडवट चव येते, बस. करंदी-जवळ्याचा कोणी काढतो का? कधीच नाही. मोठीचा काढायचा तो चवीसाठी आणि दिसण्यासाठी.
मेहुण्याचं मात्र गंभीर घ्या. ज्या प्रथिनाने बहुतेकांना त्रास होतो ते मांसात असतं. दोरा काढून ते जात नाही. त्यांना कोळंबी देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

सीकेपी_लेक
आधी एक. "कोळंबी" नाही हो, कोलंबी. आमच्या घरी कोणी ळ म्हटलं तर आजी ताट पुढे सरकवायची नाही. आजी दोराही काढायची नाही, डोकं मुरगळून ओढलं की बरोबर यायचा तो. माझ्या हातात तुटतो. का?

खाडीकाठचा
आजीचा हात ताज्या मालावर बसलेला. ताजी असेल तर डोकं हलकेच फिरवून सरळ ओढलं की दोरा कधीकधी सोबत येतो. शिळी असेल तर आतडं मऊ पडतं, तुटतं, आणि डोक्याच्या सांध्याशी तपकिरी डाग पसरतो. तो डाग आणि वास दोन्ही असले तर परत करा.
पाठ न चिरता काढायचा तर कोळंबी कमानीसारखी वाकवा. डोक्याकडून दुसऱ्या आणि तिसऱ्या कड्याच्या मधे, पाठीच्या थोडं खाली टूथपिक आडवी घाला आणि हळूच वर उचला. दोऱ्याचा फास वर येतो. आता बोटाने धरून आधी डोक्याकडचं टोक सोडवा, मग शेपटीकडचं. झटका दिला की तुटलाच. शेवटच्या कड्यात तुकडा राहिला तर राहू द्या.
पाकिटातली गोठवलेली पूर्ण सुटू देऊ नका. वाकेल इतपत मऊ, पण हाताला गार लागतेय, तेव्हा दोरा घट्ट असतो.

रावपुरावाली
रविवारी करून पाहिलं. अर्धा किलो डोक्यासकट आणली, सतरा नग भरले. नऊ दोरे सलग आले, तीन तुटले. ते तीन नग मी आधी पाण्यात भिजत टाकलेले होते. चार जणींत दोराच दिसला नाही, तरी एकीची पाठ मी हौसेने चिरली, आत काही नाही. आणि एक गाभोळीची! तुटलेल्यांची पाठ सुरीच्या टोकाने वरच्यावर चिरली, दोरा पुसून घेतला, नळाखाली पटकन धुऊन लगेच फडक्यावर टिपली.

खाडीकाठचा
भिजवलेल्यांचंच तुटणार. सोललेली कोळंबी पाण्यात ठेवायची नाही, चव पाण्यात जाते आणि तव्यावर परत तेच पाणी सुटतं.

शुद्धमराठी
म्हणजे शेवटी आतडंच. मी पहिल्या दिवशी म्हणालो होतो.

इंदूरकर_६३
आणि काढताना सगळ्यांनी दोराच लिहिला. वर वाचा, खाडीकाठच्यांनीसुद्धा.

शुद्धमराठी
ती बोली झाली. लेखी मजकुरात वस्तूचं खरं नाव हवं.

मटाररस्सा
काका, "आतडं काढून घ्या" वाचून वर्गातल्या अर्ध्या बायका वांग्याच्या भरताकडे वळतील.

रावपुरावाली
सध्या कागदावर "पाठीतला काळा दोरा" लिहिलंय, आणि खाली, "हिरवा-नारिंगी पट्टा ही गाभोळी, काढू नये." सासूबाई खूश. आमची गुजराती शेजारीण विचारते, दोरा म्हणजे मांजाचा का, उतरायणला लागतो तो?

सीकेपी_लेक
दोऱ्याचं जाऊ दे, वरती "कोळंबी" लिहिलंयस ते बदललंस का?

फिशकरी_फॅन
मालवणात सुंगटां म्हणतात, भांडण मिटलं. बाय द वे, सोडे हा शब्द "सोलणे"वरून की "सोडवणे"वरून?

शुद्धमराठी
सोलणे. उघड आहे.

सीकेपी_लेक
उघड कसं? ल चा ड कुठून आला?