११ जीबी आहे म्हणून १०८० टीआय ग्राफिक्स कार्ड घेऊ नका

> "जुनं १०८० टीआय स्वस्तात मिळतंय, ११ जीबी आहे, नवीन गेम चालतील ना?"

मेमरीचा प्रॉब्लेमच नाहीये रे, साध्या गेममध्ये ते २०६० सुपरलाही टक्कर देतं, पण २०१७ चं कार्ड, त्यात रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवायचं हार्डवेअरच नाही आणि डूम द डार्क एजेस किंवा नवीन इंडियाना जोन्सला ते लागतंच, सेटिंगमध्ये बंद करायची सोयच नाही, त्यामुळे सेटिंग कितीही खाली आणलंस तरी उपयोग नाही. जुनेच गेम खेळणार असशील तर घे खुशाल, नाहीतर २०६० सुपर बघ, ८ जीबीच आहे पण डूमच्या मिनिमम रिक्वायरमेंटमध्ये तेच लिहिलंय. विकणाऱ्याकडे कार्डची माहिती दाखवणारं GPU-Z उघडून Name समोर RTX 2060 SUPER लिहिलंय का बघ, नुसत्या Ray Tracing च्या टिकवर जाऊ नकोस, ती १०८० टीआयलाही दिसू शकते, आणि अर्धा तास गेम चालवल्याशिवाय पैसे देऊ नकोस, माझ्या कार्डवर विसाव्या मिनिटाला स्क्रीनवर ठिपके यायला लागले होते.