उलटं टेबल बघताना ०.१० कुठं शोधायचं?

"तळाच्या १० टक्के खोक्यांची वजनाची हद्द काढायची होती, नॉर्मल वितरणाच्या झेड टेबलात ०.१० शोधून झेड ०.२५ आला, उत्तर चुकतंय. का?"

अहो तुमचं टेबल मधल्या रेषेपासून झेडपर्यंतचं क्षेत्रफळ देतंय, शेपटीचं नाही, आपल्याकडच्या बऱ्याच पुस्तकांत तेच असतं, वरची आकृती आधी बघायची.

आपला तासगावचा बेदाणाच घ्या, समजा खोक्याचं सरासरी वजन १५.२ किलो आणि प्रमाण विचलन ०.१ किलो. डाव्या शेपटीत ०.१० पाहिजे म्हणजे मधल्या रेषेपर्यंत उरलं ०.५० वजा ०.१०, म्हणजे ०.४०. आता टेबलाच्या पोटात, कडेला नव्हे, ०.४००० शोधा. नेमकं सापडत नाही, १.२८ ला ०.३९९७ आणि १.२९ ला ०.४०१५, जवळचं १.२८. हद्द सरासरीच्या खाली आहे म्हणून वजा चिन्ह आपणच लावायचं, टेबल ते सांगत नाही (माझे मार्क इथंच जायचे). १५.२ वजा १.२८ गुणिले ०.१, म्हणजे १५.०७२ किलो.

तुमच्या ०.२५ नं, वजा धरून, १५.१७५ येतं. ते सुलट तपासा, ०.२५ ला क्षेत्रफळ ०.०९८७, ०.५० मधनं वजा केलं की ०.४०१३, म्हणजे ४० टक्के खोकी त्याच्या खाली, १० कुठली!